घटक ४ : श्रेणीबद्ध वाचनपुस्तके आणि स्थूलवाचन

मागील घटकात आपण सूक्ष्मवाचनाचा विचार केला. उताऱ्यातील प्रत्येक शब्द तपासणे, वाक्यरचना उलगडणे आणि आशयाची मांडणी शोधणे ही त्या वाचनाची रीत होती. प्रस्तुत घटकात आपण त्याच्या दुसऱ्या टोकाकडे वळणार आहोत. शालेय पाठ्यपुस्तकात काही पाठांवर ‘स्थूलवाचन’ असा शब्द तुम्ही पाहिला असेल. ते पाठ परीक्षेत थोड्या गुणांचे असत, म्हणून बहुतेक वर्गांत ते घाईने उरकले जात. भाषा शिकण्याच्या दृष्टीने मात्र शब्दसंग्रह आणि वाचनवेग यांची वाढ मुख्यतः याच वाचनातून होते. येथे आपण विचार करणार आहोत तो इंग्रजीच्या वाचनाचा, कारण मराठी विषय घेऊन पदवी करणाऱ्यांनाही इंग्रजीची अभ्यासपत्रिका, स्पर्धापरीक्षेतील उतारे आणि समीक्षेचे संदर्भग्रंथ टाळता येत नाहीत.

धाराशिव जिल्ह्यातील आपल्या विद्यार्थ्यांत वयाने मोठे असलेले अनेक जण आहेत. महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते 2000 साली. त्यापूर्वी ज्यांचे प्राथमिक शिक्षण झाले, त्यांची इंग्रजी मुळाक्षरांशी ओळख पाचवीत झाली आणि शिक्षण मध्येच सुटले असेल तर ती ओळख तेवढ्यावरच थांबली. परभाषेतून वाचण्याची वेळ या भागावर नव्याने आलेली नाही. 1948 पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि तुमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील पुष्कळांना उर्दूतून शिकावे लागले. त्यांच्या हाती वाचनाची शिडी नव्हती; तुमच्यासाठी ती उपलब्ध आहे. तिच्या कोणत्या पायरीवर पाऊल ठेवायचे, हे ठरवणे हा या घटकाचा मुख्य विषय आहे.

४.१ ही कल्पना कोठून आली

श्रेणीबद्ध वाचनपुस्तक, म्हणजे ज्याला आपण ‘ग्रेडेड रीडर’ म्हणतो, ते ठरावीक शब्दसंख्येच्या मर्यादेत लिहिलेले किंवा पुन्हा लिहून काढलेले पुस्तक असते. या कल्पनेला आकार देणाऱ्यांत मायकेल वेस्ट हे नाव महत्त्वाचे आहे, आणि त्यांचे काम घडले ते आपल्याच उपखंडात, तेव्हाच्या बंगालमध्ये, ढाका येथे. वेस्ट तेथे शिक्षण खात्यात होते. इंग्रजी शिकणारी बहुसंख्य मुले शाळा अर्ध्यावर सोडतात आणि अर्धवट शिकलेले इंग्रजी त्यांच्या काहीच कामी येत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. यासाठी त्यांनी विमा व्यवसायातील एक शब्द वापरला : सरेंडर मूल्य. पॉलिसी मुदतीपूर्वी बंद केली तर हाती किती रक्कम परत येते, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विमा प्रतिनिधीला विचारलेला असतो. वेस्ट यांनी तोच प्रश्न भाषाशिक्षणाला विचारला. दोन वर्षे शिकून विद्यार्थ्याने शाळा सोडली तर त्याच्या हाती काय उरते? बोलणे, लिहिणे आणि व्याकरण यांचा प्रत्येकी थोडा तुकडा हाती उरून उपयोग नसतो. परंतु मर्यादित शब्दांत लिहिलेली पुस्तके वाचण्याची क्षमता आली असेल, तर तिचा उपयोग शिक्षण सुटल्यानंतरही होत राहतो.

म्हणून त्यांनी वाचनपुस्तकांतील दुर्मीळ शब्द काढून त्यांच्या जागी नेहमीचे शब्द घातले, नवे शब्द एका पानावर गर्दीने न आणता पसरून आणले आणि आलेला शब्द पुढे पुनःपुन्हा येईल अशी व्यवस्था केली. 1926 साली त्यांचा बंगालमधील द्विभाषिकतेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. 1953 साली सुमारे दोन हजार अत्यंत उपयुक्त इंग्रजी शब्दांची त्यांची यादी आली. आजच्या श्रेणीबद्ध मालिका वेगवेगळ्या प्रकाशकांच्या असल्या तरी त्यांचा पाया हाच आहे : शब्द मर्यादित ठेवायचे, नवे शब्द विरळ आणायचे आणि त्यांची पुनरावृत्ती भरपूर करायची. नोकरी, शेती किंवा संसार सांभाळून शिकणाऱ्या, मध्येच एखादे वर्ष वगळावे लागणाऱ्या विद्यार्थ्याला वेस्ट यांचा प्रश्न आजही तितकाच लागू पडतो.

४.२ अनोळखी शब्द किती असावेत

पुस्तक सोपे की अवघड हे अंदाजाने ठरवू नये. ते मोजता येते. मोजण्यापूर्वी त्यामागचे कारण अनुभवून पाहू. पुढील परिच्छेद मराठीतच आहे. त्यात पन्नास शब्द असून त्यांपैकी पाच शब्द मुद्दाम बनवलेले, निरर्थक आहेत.

‘सखाराम पहाटे उठून गोठ्यात गेला. म्हशीच्या पायाला कालपासून डुमरी आली होती, म्हणून त्याने प्रथम तेथे कुरसणी लावली. मग तो टेकडीवरच्या लिधाराकडे निघाला. वाटेत शेजारच्या गणपतने त्याला थांबवले आणि म्हणाला, “आज बाजारात सोयाबीनचा भाव दमेरला आहे, माल घरीच ठेव.” सखारामने मान हलवली, पण त्याच्या मनात मात्र वेगळीच एक पिंगव चालू होती.’

गोष्टीचा सांगाडा तुम्हाला कळला, पण जवळजवळ प्रत्येक वाक्यात तुमचा पाय अडखळला. डुमरी म्हणजे सूज की जखम? लिधार म्हणजे विहीर, देऊळ की वस्ती? येथे दर शंभर शब्दांमागे दहा शब्द अनोळखी आहेत. आता ‘डुमरी’च्या जागी ‘सूज’, ‘कुरसणी’च्या जागी ‘हळद’, ‘लिधाराकडे’ऐवजी ‘विहिरीकडे’ आणि ‘पिंगव’च्या जागी ‘घालमेल’ असे शब्द घालून परिच्छेद पुन्हा वाचा. आता एकच अनोळखी शब्द उरतो, ‘दमेरला’. तो तुम्ही शब्दकोश न उघडता सोडवता, कारण पुढेच ‘माल घरीच ठेव’ असे आले आहे. म्हणजे भाव उतरला असणार. आजूबाजूचे सगळे शब्द ओळखीचे असल्यामुळेच त्या एका शब्दाचा अर्थ लागला. दहा टक्के अनोळखी असताना वाचक अर्थ लावू शकत नाही, कारण ज्यांच्या आधारे अर्थ लावायचा तेच शब्द अनोळखी असतात.

वाचन-संशोधक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकारी मार्सेला हू यांनी 2000 साली याच प्रकारे, मजकुरातील काही शब्दांच्या जागी निरर्थक शब्द घालून, परीक्षण केले. कोणाच्याही मदतीशिवाय कथा नीट समजण्यासाठी सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे शंभरात दोन अनोळखी. 95 टक्क्यांवर, म्हणजे वीस शब्दांमागे एक अनोळखी असताना, काही वाचकांचे निभावते. पण बहुतेकांचा वेग घसरतो. 90 टक्क्यांवर ते स्थूलवाचन राहतच नाही, ते सूक्ष्मवाचन होते.

पुस्तक निवडताना करावयाची चाचणी यावरून ठरते. पुस्तकाचे पहिले पान घेऊ नका. तेथे पात्रांची ओळख चाललेली असते आणि लेखकही जपून लिहितो. मधले एखादे पान उघडा, शंभर शब्द मोजा, वाचा, आणि जो शब्द कळला नाही त्यावर पेन्सिलीने ठिपका द्या. माणसांची व गावांची नावे धरू नका. दोन किंवा त्याहून कमी ठिपके आले तर पुस्तक तुमच्या पायरीचे आहे. तीन ते पाच आले तर विषयाची फार ओढ असेल तरच घ्या. पाचाच्या वर गेले तर पुस्तक परत ठेवा, मग ते कितीही प्रसिद्ध असो.

येथे मराठी वाचकाकडून दोन प्रकारे चुकीची मोजणी होते. पहिला प्रकार असा : वाक्यातील प्रत्येक शब्द सुटा ओळखीचा असतो, पण वाक्य कळत नाही. ‘गिव्ह’ माहीत आहे, ‘अप’ माहीत आहे, परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे हे माहीत नाही. ‘पुट’ आणि ‘आउट’ माहीत असून ‘पुट आउट द फायर’ म्हणजे आग विझवणे हे कळत नाही. अशा जोडीला अनोळखीच धरून ठिपका द्यावा. न दिल्यास पुस्तक प्रत्यक्षात आहे त्याहून सोपे भासते. दुसरा प्रकार याच्या उलट आहे. आपण रोजच्या मराठीत शेकडो इंग्रजी शब्द वापरतो, पण ते कानाने शिकलेले असतात. ‘नॉलेज’ हा शब्द बोलण्यात सहज येतो. छापील इंग्रजीत त्याच्या आरंभी न उच्चारले जाणारे ‘के’ अक्षर दिसले की वाचक थबकतो. येथे अर्थ नव्याने शिकायचा नसतो, फक्त डोळ्याची ओळख करून घ्यायची असते. असा शब्द हळू आवाजात उच्चारून पाहावा. कानाने ओळख पटली की त्याला ठिपक्याची गरज नाही.

४.३ पायऱ्या आणि त्यांचे आकडे

श्रेणीबद्ध पुस्तकाच्या मलपृष्ठावर किंवा आतल्या पानावर पातळीचा क्रमांक आणि बहुधा शीर्षशब्दांची संख्या छापलेली असते. शीर्षशब्द म्हणजे शब्दकोशात स्वतंत्र नोंद होईल असा मूळ शब्द. त्याची भूतकाळाची, अनेकवचनाची रूपे वेगळी मोजत नाहीत. आपल्याकडे मिळू शकणाऱ्या मालिकांपैकी ‘ऑक्सफर्ड बुकवर्म्स’ ही एक परिचित मालिका आहे. तिची आरंभिक पातळी 250 शीर्षशब्दांची आहे. पुढे पहिली पातळी 400, दुसरी 700, तिसरी 1000, चौथी 1400, पाचवी 1800 आणि सहावी 2500 शीर्षशब्दांची. पायऱ्यांची उंची सारखी नाही, हे लक्षात घ्या. पहिल्या पायरीवरून दुसरीवर जाताना 300 शब्द वाढतात. पाचवीवरून सहावीवर जाताना 700 वाढतात. म्हणून वरच्या पायऱ्यांवर अधिक पुस्तके वाचावी लागतात.

पातळीचा क्रमांक सर्व प्रकाशकांचा एकच नसतो. बुकवर्म्सची तिसरी पातळी हजार शब्दांची आहे, तर पेंग्विनच्या जुन्या मालिकेतील तिसरी पातळी 1200 शब्दांची होती. मालिका बदलताना क्रमांक न पाहता शीर्षशब्दांची संख्या पाहावी आणि शंभर शब्दांची चाचणी पुन्हा घ्यावी.

आपल्या जिल्ह्यात ज्या फसगतीचा संभव सर्वांत अधिक आहे, ती वेगळीच आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात किंवा शाळेच्या कपाटात गाजलेल्या इंग्रजी कादंबऱ्यांच्या पातळ, सचित्र आवृत्त्या मिळतात. त्यांवर ‘अब्रिज्ड’, म्हणजे संक्षिप्त, असे लिहिलेले असते. संक्षिप्त पुस्तक श्रेणीबद्ध असतेच असे नाही. मूळ कादंबरीतील प्रकरणे गाळली, परंतु उरलेली वाक्ये तशीच ठेवली, तर पुस्तक केवळ लांबीने लहान होते. शब्द मात्र शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचेच राहतात. पातळपणा पाहून घेतलेले असे पुस्तक दहा पानांतच मिटले जाते आणि वाचक दोष स्वतःला देतो. पुस्तकावर पातळी किंवा शीर्षशब्दांची संख्या नसेल तर ते श्रेणीबद्ध नाही असे समजावे आणि चाचणीवाचून घेऊ नये.

ग्रंथालयात श्रेणीबद्ध पुस्तके नसतील तर दोन मार्ग आहेत. एक, अभ्यासकेंद्रातील पाच-सहा विद्यार्थ्यांनी एकाच पातळीची एकेक वेगळी पुस्तके विकत घ्यावीत आणि संपर्क सत्राच्या दिवशी आपसांत बदलावीत. एकाच्या खर्चात सहा पुस्तके वाचून होतात. दुसरा मार्ग मोबाईलचा आहे. ‘प्रथम बुक्स’ या संस्थेने 2015 साली सुरू केलेल्या storyweaver.org.in या संकेतस्थळावर इंग्रजी व मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी विनामूल्य वाचता येतात आणि त्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट 250 शब्दांहून लहान असते, दुसरीची 250 ते 600, तिसरीची 600 ते 1500 आणि चौथीची 1500 शब्दांहून मोठी. परंतु या पातळ्या वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी, गोष्टीची लांबी आणि वाक्यांचा सोपेपणा पाहून ठरवलेल्या आहेत. शीर्षशब्दांच्या यादीला त्या बांधलेल्या नाहीत. त्यामुळे तिसऱ्या पातळीची एखादी गोष्ट तुम्हाला सहज जाईल आणि दुसऱ्या पातळीची एखादी प्राण्यांच्या व झाडांच्या नावांनी अडवेल. ज्यांचा 250 शब्दांच्या पातळीवरही निभाव लागत नाही त्यांच्यासाठी हे उत्तम आरंभस्थान आहे. गोष्ट लहान मुलांची आहे याचा संकोच वाटेल. घरात मूल असेल तर त्याला जवळ घेऊन वाचावे, म्हणजे संकोचही उरत नाही आणि वाचनही दुप्पट होते.

४.४ वेग कसा मोजावा

एका पानावरील तीन पूर्ण ओळींतील शब्द मोजा आणि तीनने भागा. समजा सरासरी नऊ आली आणि पानावर 26 ओळी आहेत; तर पानावर साधारण 234 शब्द झाले. आता घड्याळ लावून दहा मिनिटे नेहमीसारखे वाचा. चार पाने झाली तर 936 शब्द, म्हणजे मिनिटाला सुमारे 94. परभाषा वाचणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा वेग मिनिटाला शंभराच्या आसपासच असतो. ओळखीच्या शब्दांतील मजकूर वाचताना 200 ते 250 पर्यंत पोहोचणे हे दीर्घकालीन उद्दिष्ट मानले जाते.

वेग कमी असण्याची हानी केवळ वेळेची नसते. वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत आरंभ विसरला जातो. मग डोळे मागे जातात, वेग आणखी घटतो. इंग्रजी वाक्यात ही अडचण मराठी वाचकाला विशेष जाणवते. ‘काल जो माणूस आला होता, तो’ अशी आपली रचना. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याचे वर्णन मागून येते. तिसऱ्या-चौथ्या पातळीपासून अशी वाक्ये वाढतात. शब्द सगळे ओळखीचे असून वाक्य दोनदा वाचावे लागते, असे वारंवार घडू लागले तर अडचण शब्दांची नसून रचनेची आहे असे जाणावे. त्यावर उपाय व्याकरणाचे पुस्तक उघडणे हा नसून, खालच्या पातळीवरची आणखी दोन-तीन पुस्तके वाचणे हा आहे.

वेगाच्या मागे लागून अर्थ सुटत नाही ना, हे पाहण्यासाठी एक साधी कसोटी ठेवा. प्रकरण संपल्यावर पुस्तक मिटून त्यातील घटना मराठीत तीन वाक्यांत सांगा. सांगता आल्या तर वेग योग्य आहे. प्रत्येक प्रकरणावर प्रश्नोत्तरे लिहीत बसू नका. तसे केल्याने स्थूलवाचनाचे पुन्हा पाठ्यपुस्तक होते.

४.५ शब्द लक्षात का राहत नाहीत

वाचनातून शब्द आपोआप येतात, असे म्हटले जाते. त्याची मर्यादाही माहीत असावी. रॉब वेअरिंग आणि मिसाको ताकाकी यांनी 2003 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जपानी विद्यार्थिनींना एक श्रेणीबद्ध पुस्तक वाचायला दिले. त्यात 25 शब्दांच्या जागी बनावट शब्द घातलेले होते. वाचन संपताच अर्थ विचारला तेव्हा सरासरी पाचाहून थोडे कमी शब्द सांगता आले. तीन महिन्यांनी पुन्हा विचारले तेव्हा 25 पैकी सुमारे एकच उरला होता. जे शब्द पुस्तकात मोजक्याच वेळा आले होते, ते जवळजवळ पुसले गेले.

हा आकडा निराशाजनक वाटेल. पण तो एका पुस्तकाचा आहे आणि त्यानंतर त्या विद्यार्थिनींना ते बनावट शब्द कोठेही पुन्हा भेटणार नव्हते. खऱ्या शब्दांचे तसे नसते. त्याच पातळीचे दुसरे, तिसरे, चौथे पुस्तक वाचले की तेच शब्द नव्या प्रसंगात परत येतात. म्हणूनच नेशन व वांग यांनी दर आठवड्याला साधारण एक पुस्तक आणि वर जाण्यापूर्वी एका पातळीवर किमान पाच पुस्तके असे प्रमाण सुचवले. प्रत्येक पातळीचे एकेक पुस्तक वाचून सहा महिन्यांत शिडी चढून जाणारा वाचक प्रत्येक पायरीवरचे शब्द तेथेच सोडून जातो. वरच्या पातळीवर त्याला ते पुन्हा अनोळखी वाटतात.

शब्दकोशाचा वापर यावरूनच ठरवावा. वाचताना तो उघडू नये. अनोळखी शब्दावर ठिपका देऊन पुढे जावे. प्रकरण संपल्यावर पाने चाळावीत आणि ज्या शब्दावर तीन वेळा ठिपका पडला आहे तोच शोधून, तो ज्या वाक्यात आला त्या वाक्यासह वहीत उतरावा. एकदाच आलेला शब्द सोडून द्यावा. तो उपयुक्त असेल तर पुढच्या पुस्तकात स्वतःहून भेटेल, आणि भेटला नाही तर त्याची निकड नव्हती.

४.६ एक उदाहरण

हे सर्व एकत्र कसे चालते, ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. उमरगा तालुक्यातील एक विद्यार्थिनी, वय 38, अंगणवाडी सेविका. इंग्रजी पाचवीपासून, बारावीनंतर पंधरा-सोळा वर्षांचा खंड. तिच्या मनात ‘द रेल्वे चिल्ड्रन’ वाचायचे आहे. हे पुस्तक बुकवर्म्सच्या तिसऱ्या पातळीत आहे. मधल्या पानावरील शंभर शब्दांत तिला नऊ ठिपके द्यावे लागले. दुसऱ्या पातळीतील ‘शेरलॉक होम्स शॉर्ट स्टोरीज’मध्ये पाच आले. पहिल्या पातळीतील ‘द एलिफंट मॅन’मध्ये दोन. तिचा आरंभ पहिल्या पातळीवर, 400 शब्दांवर, व्हायला हवा. विषय प्रौढ माणसाचा आहे, शरीरव्यंगामुळे जत्रेत दाखवल्या गेलेल्या एका माणसाची सत्यकथा. भाषा तेवढी सोपी. वयाला शोभणारा विषय आणि पायरीला शोभणारी भाषा एकत्र मिळणे, हेच प्रौढांसाठी श्रेणीबद्ध पुस्तकाचे मोल आहे.

तिचा वेग मिनिटाला 94 शब्द भरला. या पातळीचे पुस्तक सुमारे साडेपाच हजार शब्दांचे असते, म्हणजे तासाभराचे काम. रोज रात्री वीस मिनिटे धरली तर तीन रात्रींत एक पुस्तक संपते. सर्वेक्षणाचे आणि सणांचे दिवस वजा जाता तिने आठवड्याला एक असे प्रमाण ठेवले आणि सहा पुस्तके वाचली. सहाव्या पुस्तकात वेग 125 वर गेला आणि ठिपके शंभरात एकापर्यंत उतरले. वर जाण्याची वेळ झाल्याची ही दोन चिन्हे एकत्र दिसली पाहिजेत. केवळ ठिपके कमी झाले आणि वेग तसाच राहिला, तर शब्द ओळखीचे झाले आहेत, पण अजून सरावाचे झालेले नाहीत. अशा वेळी त्याच पातळीवर आणखी एक-दोन पुस्तके वाचावीत.

दुसऱ्या पातळीवर पहिल्याच पुस्तकात तिचा वेग 105 वर आला. बरेच विद्यार्थी येथे घाबरतात आणि वाचन सोडतात. पायरी बदलल्यावर वेग उतरणे हे अपेक्षितच आहे. तिसऱ्या पुस्तकापर्यंत तो पुन्हा चढू लागला पाहिजे. तसे झाले नाही, तर चढण घाईची झाली असे समजून खाली यावे. तिचा वेग आठव्या पुस्तकाअखेर 130 झाला. त्यानंतर तिने ‘द रेल्वे चिल्ड्रन’ची चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा नऊच्या जागी तीन ठिपके आले. विषयाची ओढ होती, म्हणून तिने ते घेतले. पहिला दिवस धरून मोजले तर चौदा पुस्तके, सुमारे नव्वद हजार शब्द आणि साडेतीन-चार महिने झाले होते.

४.७ शिडी संपल्यानंतर

सहावी पातळी 2500 शब्दांवर थांबते. मूळ इंग्रजी कादंबरी 98 टक्के ओळखीच्या शब्दांनिशी वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे माहीत असावी लागतात, असा नेशन यांचा 2006 सालचा हिशोब आहे. शिडीच्या शेवटच्या पायरीपासून गच्चीपर्यंत बरेच अंतर आहे आणि ते भरून काढणारी पुस्तके कोणत्याही मालिकेत पुरेशी नाहीत. येथे विषयाची ओळख कामी येते. आर. के. नारायण किंवा रस्किन बाँड यांच्या कथांतील बाजार, शाळा, पाऊस, नातेवाईक हे सारे आपल्या परिचयाचे असते. शब्द अडला तरी प्रसंग अडत नाही. जी कथा मराठीत वाचलेली आहे तिचे इंग्रजी भाषांतर घेणे हाही चांगला उपाय आहे. एकाच लेखकाची तीन-चार पुस्तके ओळीने वाचावीत, कारण प्रत्येक लेखकाचे आवडते शब्द ठरलेले असतात. इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख मात्र या टप्प्यावर घेऊ नये. तो लहान दिसतो, पण रोजचा विषय वेगळा आणि शब्द वेगळे. पुनरावृत्ती जवळजवळ नाही.

जाता जाता मराठीविषयी थोडे. ज्यांच्या घरी कन्नड, दखनी किंवा बंजारा बोली बोलली जाते, असे विद्यार्थी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांनीही प्रमाण मराठीतील पुस्तकांसाठी शंभर शब्दांची चाचणी अवश्य वापरावी. फरक एवढाच की मराठीत ‘घर’, ‘घराला’, ‘घरातून’ ही एकाच शब्दाची रूपे असून मूळ शब्द माहीत असताना रूपामुळे अडल्यास तो ठिपका वेगळ्या खुणेने द्यावा. अशा खुणा जास्त आल्या तर शब्दसंग्रहापेक्षा सामान्यरूपाचा सराव हवा आहे. प्रौढांसाठी शीर्षशब्द मोजून लिहिलेली इंग्रजीसारखी शिडी मराठीत नसल्यामुळे ‘किशोर’ मासिक, मग लहान कथासंग्रह, मग कादंबरी असा क्रम स्वतःच लावून घ्यावा लागतो. अभ्यासक्रमातील महानुभाव गद्य किंवा संतसाहित्य या क्रमात बसवू नका. ते सर्वांसाठीच सूक्ष्मवाचनाचे साहित्य आहे.

कृती

पुढील संपर्क सत्रापूर्वी वेगवेगळ्या तीन पातळ्यांची पुस्तके मिळवून प्रत्येकातील मधल्या पानावर शंभर शब्दांची चाचणी घ्या. वहीत पुढील नोंदी करा : पुस्तकाचे नाव, शीर्षशब्दांची संख्या, ठिपक्यांची संख्या, आणि त्यांपैकी ‘गिव्ह अप’सारख्या शब्दजोड्यांचे ठिपके किती. ज्या पुस्तकात दोन किंवा कमी ठिपके आले ते दहा मिनिटे वाचून आपला वेग काढा. ही वही सत्राला सोबत आणा. कोणी कोणते पुस्तक घ्यायचे आणि कोणाशी बदलायचे हे त्या नोंदींवरून ठरवता येईल.